घोड्यानं कधी न पाहिलेलं फुरसं



रत्नागिरीत फुरशाची ओळख करून द्यावी लागत नाही. कातळावर, गडग्याच्या दगडांत, कलमांच्या आळ्यातलं गवत काढताना हाताखाली येणारा हा दीड-दोन विती लांबीचा साप. ब्रिटिश अमदानीत या जिल्ह्यात फुरशी मारून आणणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळत असे, इतका त्याचा उपद्रव होता. त्याचं विष रक्त गोठवणारी द्रव्यं शरीरातच उधळून संपवतं आणि मग हिरड्यांतून, जुन्या जखमांतून रक्त वाहू लागतं. तालुक्याच्या दवाखान्यात यासाठी एक साधी परीक्षा असते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचं थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं नळी हलवायची नाही, मग हळूच तिरकी करून बघायची. रक्त पातळच राहिलेलं असेल तर विष भिनलं आहे, प्रतिविष द्या.

आज मला बोलायचं आहे ते त्या प्रतिविषाच्या कुपीत जे असतं त्याबद्दल. ते घोड्याच्या रक्तातून येतं. मुंबईत परळला हाफकिन संस्थेनं हे काम फार पूर्वीपासून केलं. पद्धत थोडक्यात अशी : घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष अगदी अल्प मात्रेपासून सुरुवात करून वाढत्या प्रमाणात टोचतात. काही आठवड्यांनी त्याच्या रक्तात ते विष निकामी करणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, भरपूर तयार झालेली असतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. आपल्याकडच्या निकषानुसार या औषधाच्या दर मिलिलिटरनं फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हायला हवं.

आता प्रश्न असा. पागेत वाढलेल्या त्या घोड्यानं फुरसं कधी पाहिलेलंही नाही. मग त्याच्या विषातल्या एका विशिष्ट प्रथिनाला नेमकं पकडणारं प्रतिपिंड त्याच्याकडे आलं कुठून? विषाला बघून प्रतिपिंड त्याच्या आकाराप्रमाणे घडवलं जात असेल, असं विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अनेक मोठ्या शास्त्रज्ञांना वाटत होतं. कार्ल लँडस्टायनर यांनी तर प्रयोगशाळेत बनवलेली, निसर्गात कधीच नसलेली रसायनं प्राण्यांना टोचली आणि त्यांच्याविरुद्धही प्रतिपिंडं मिळवली. उत्क्रांतीनं ज्याची तयारी करून ठेवणं शक्यच नव्हतं त्याचीही तयारी प्राण्याकडे होती.

पुढे १९५७ मध्ये मॅकफार्लेन बर्नेट यांनी उलटी मांडणी केली. विष येण्याच्या आधीच असंख्य प्रकारच्या लसिका पेशी शरीरात हजर असतात. प्रत्येक पेशी एकाच प्रकारचं प्रतिपिंड बनवते. विष आलं की ज्या मोजक्या पेशींचं प्रतिपिंड त्याला चिकटतं त्याच पेशी वाढतात, बाकीच्या तशाच राहतात. म्हणजे टोचलेलं विष घोड्याला काही शिकवत नाही. ते फक्त निवड करतं. ही मांडणी खरी ठरली. पण तिच्यामुळे अडचण आणखी वाढली. माणसाच्या सगळ्या डीएनएत प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास. वेगवेगळी प्रतिपिंडं मात्र कोट्यवधी. प्रत्येकासाठी एक जनुक असणं अशक्य.

प्रतिपिंडाचा रेणू इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. त्यात दोन सारख्या जड साखळ्या आणि दोन सारख्या हलक्या साखळ्या. या साखळ्यांचा मागचा भाग एका वर्गाच्या सगळ्या प्रतिपिंडांत जवळजवळ तसाच असतो. टोकाचा भाग प्रत्येकात निराळा. विषाला पकडतं ते हे टोक. एकाच साखळीचा अर्धा भाग स्थिर आणि अर्धा इतका चंचल कसा, हे कोडं सोडवताना १९६५ मध्ये ड्रायर आणि बेनेट यांनी सुचवलं की एक साखळी दोन वेगळ्या जनुकांतून बनत असावी. एका प्रथिनाला एक जनुक या तेव्हाच्या ठाम समजाला छेद देणारी ही कल्पना होती आणि बराच काळ ती तशीच पडून राहिली.

तिचा निकाल स्वित्झर्लंडमधल्या बासल इथे १९७६ मध्ये लागला. सुसुमु तोनेगावा आणि नोबुमिची होझुमी यांनी उंदराच्या गर्भातला डीएनए घेतला आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या लसिका पेशींच्या एका गाठीतला डीएनए घेतला. दोन्ही एकाच कात्रीनं, म्हणजे ठरावीक अक्षरक्रमावरच कापणाऱ्या एकाच विकरानं, कापले. मिळालेले तुकडे आकारमानानुसार वेगळे केले आणि हलक्या साखळीचे टोकाचे व मागचे भाग कोणत्या तुकड्यात आहेत ते शोधलं. गर्भात ते दोन वेगवेगळ्या तुकड्यांत सापडले. गाठीच्या पेशींत दोन्ही एकाच, तिसऱ्याच आकाराच्या तुकड्यात होते. याचा अर्थ सरळ होता. गर्भात जे दूर होतं ते लसिका पेशीत जवळ आलं होतं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनए तोच असतो, हे आपण शाळेत शिकतो. लसिका पेशी त्याला अपवाद आहे. ती वाढताना स्वतःचा डीएनए कापते, मधला भाग टाकून देते आणि टोकं जोडते. तोनेगावांना १९८७ चं नोबेल मिळालं ते यासाठी.

माणसाच्या बाबतीत हिशेब असा आहे. जड साखळीचं टोक तीन तुकड्यांतून बनतं. त्यांना व्ही, डी आणि जे म्हणतात. चौदाव्या गुणसूत्रावर कामाचे व्ही तुकडे साधारण ४०, डी २३ आणि जे ६ असे ओळीनं मांडलेले आहेत. अस्थिमज्जेत वाढणारी बी लसिका पेशी प्रत्येकातला एक घेते. हलकी साखळी दोन प्रकारची असते, कप्पा आणि लॅम्डा, आणि तिला डी तुकडा नसतो. कप्पाचे व्ही सुमारे ४० आणि जे ५. लॅम्डाचे व्ही सुमारे ३० आणि जे ४. सगळे मिळून दीडशेच्या आत. आता गुणाकार करा. जड साखळीच्या जुळण्या ५,५२०; हलकीच्या २०० अधिक १२०, म्हणजे ३२०. कोणतीही जड कोणत्याही हलकीबरोबर आली तर १७ लाख ६६ हजार प्रकार. घोड्याचे आकडे वेगळे आहेत, त्याच्या बहुतेक प्रतिपिंडांत हलकी साखळी लॅम्डाच असते; पण रीत हीच.

बहुतेक पाठ्यपुस्तकं इथे थांबतात, आणि मला वाटतं तिथेच विद्यार्थ्याची दिशाभूल होते. तुकड्यांच्या गुणाकारानं मिळणारे हे लाख खऱ्या विविधतेचा लहानसा हिस्सा आहेत. मोठा हिस्सा तुकडे जिथे जोडले जातात त्या जोडाच्या जागी तयार होतो. म्हणून तो जोड आपण जवळून पाहू.

प्रत्येक तुकड्याच्या शेजारी डीएनएत एक खूण असते : आधी सात अक्षरांचा एक ठरावीक गट, मग निरर्थक अंतर, मग नऊ अक्षरांचा गट. ते मधलं अंतर एक तर १२ अक्षरांचं असतं किंवा २३ अक्षरांचं. डीएनएच्या पिळाचा एक वेढा सुमारे साडेदहा अक्षरांचा, म्हणजे ही अंतरं साधारण एक आणि दोन वेढ्यांची. रॅग-एक आणि रॅग-दोन ही प्रथिनं मिळून कापण्याचं काम करतात. त्यांची जनुकं डेव्हिड शॅट्झ, मार्जोरी ओटिंगर आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८९-९० मध्ये शोधली. ही कात्री एक १२ ची आणि एक २३ ची खूण एकत्र धरल्याशिवाय कापत नाही. जड साखळीत व्ही आणि जे दोघांनाही २३ ची खूण आहे, डीला दोन्ही बाजूंनी १२ ची. त्यामुळे व्ही थेट जेला जोडला जाऊ शकत नाही. मध्ये डी यावाच लागतो. आधी डी आणि जे जुळतात, नंतर त्यांना व्ही. एवढ्या एका नियमानं शिस्त राखली जाते.

कापण्यापर्यंत सगळं काटेकोर आहे. जोडताना मात्र पेशी ही शिस्त सोडते. कापलेल्या तुकड्याच्या टोकाला डीएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटून आकडा तयार होतो. आर्टेमिस नावाचं विकर तो आकडा उघडतं, पण नेहमी मधोमध नाही. दोन अक्षरं बाजूला उघडलं तर खालच्या धाग्यातली दोन अक्षरं वरच्या धाग्याला येऊन मिळतात. मग काही विकरं टोकाची काही अक्षरं कुरतडतात. त्यानंतर टीडीटी नावाचं एक विलक्षण विकर येतं. डीएनए लिहिणारी इतर विकरं समोरचा धागा वाचून नक्कल करतात. हे कशाचीच नक्कल करत नाही, हाताला येतील ती अक्षरं जोडत जातं. शेवटी डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारी पेशीतली नेहमीची यंत्रणा दोन्ही टोकं सांधते.

एक जोड अक्षरानिशी पाहू. उदाहरण मी समजावण्यासाठी जुळवलं आहे, पण व्ही, डी आणि जेची अक्षरं माणसातली खरी आहेत.

```
व्हीचा शेवट        TGTGCGAGA
आकडा उघडल्याने     TC
टीडीटीची भर        GGC
डीचा उरलेला भाग    GGTTCGGGGAGT
टीडीटीची भर        CCTA
जेचा भाग           TACTTTGACTACTGG
```

ही अक्षरं सलग लिहून तीन-तीनच्या गटांत वाचली, कारण पेशी तशीच वाचते, तर असं दिसतं :

```
TGT GCG AGA TCG GCG GTT CGG GGA
GTC CTA TAC TTT GAC TAC TGG
```

पंधरा गट, म्हणजे पंधरा अमिनो आम्लं. पहिला गट सिस्टीनचा आणि शेवटचा ट्रिप्टोफॅनचा. या दोघांमधला पट्टा हा प्रतिपिंडाच्या टोकावरचा तिसरा वळसा. साखळी घडी होऊन आकाराला आली की हा वळसा बहुधा नेमका मधोमध, विषाच्या प्रथिनाला भिडणाऱ्या जागी येतो. या मजकुरातली नऊ अक्षरं, आकड्याची दोन आणि टीडीटीची सात, आईकडून आली नाहीत, वडिलांकडूनही नाहीत. ती त्या एका पेशीत, त्या एका वेळी तयार झाली. टीडीटीनं सात अक्षरं घातली असतील तर नुसत्या त्या सातांच्याच १६,३८४ शक्यता होतात. कुरतडणं कमी-जास्त, भर कमी-जास्त, असं धरलं तर आकडा शरीरातल्या एकूण बी पेशींच्याही पुढे जातो. म्हणून एकाच बीजांडातून आलेल्या जुळ्या भावांची प्रतिपिंडंही बहुतांशी वेगवेगळी असतात. शक्य असलेली सगळी प्रतिपिंडं कोणाच्याच शरीरात एकाच वेळी नसतात. प्रत्येकाकडे त्यातला आपापला वाटा.

आता वरच्या उदाहरणात टीडीटीनं दुसऱ्या वेळी चारऐवजी तीनच अक्षरं घातली, शेवटचं ए राहिलं, असं धरा. पुढचं वाचन असं होईल :

```
GTC CTT ACT TTG ACT ACT GGG
```

एक अक्षर कमी झालं आणि तिथून पुढचा प्रत्येक गट चुकला. ट्रिप्टोफॅन गेलं, साखळीचा सगळा उरलेला मजकूर निरर्थक झाला. भर किती अक्षरांची पडेल यावर कोणाचं नियंत्रण नसल्यामुळे तीनपैकी दोन जोड असे वाया जातात. पेशीकडे गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, म्हणून पहिली फसली तर दुसरी संधी मिळते. पहिल्या खेपेला यश एक तृतीयांश. फसलेल्या दोन तृतीयांशांतून पुन्हा एक तृतीयांश. म्हणजे नवांपैकी पाच पेशी तरतात. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण नीट वाचता येणारी प्रत्येक साखळी नीट घडी होतेच असं नाही. जड साखळी कामाची झाली आहे का, हे पेशी ती पृष्ठभागावर मांडून तपासते. उत्तर होकारार्थी आलं तर दुसऱ्या गुणसूत्रावरची कापणी थांबते, आणि म्हणून एका पेशीत एकच प्रतिपिंड राहतं. दोन्ही प्रतींवर नकारार्थी आलं तर पेशी मरते. त्यापुढे हलक्या साखळीची जुळणी, आणि मग आणखी एक चाळणी : हे प्रतिपिंड आपल्याच शरीराला चिकटत असेल तर पेशी हलकी साखळी बदलून पाहते, नाही जमलं तर संपते.

अस्थिमज्जेत रोज तयार होऊ लागणाऱ्या बी पेशींचा मोठा भाग अशा प्रकारे तिथेच नाहीसा होतो. हा अपव्यय टाळायचा तर जोड अचूक करावा लागेल, आणि जोड अचूक केला की वैविध्य पुन्हा त्या काही लाखांवर येईल. फुरशाच्या विषाला चिकटणारं टोक त्या लाखांत असेलच याची शाश्वती नाही. घोड्याला विष टोचायला सुरुवात होते तेव्हा त्याच्याकडे अशा काही पेशी आधीच असतात, आणि त्यांचं प्रतिपिंड बहुधा जेमतेम चिकटणारं असतं. पुढे लसिकाग्रंथींत त्या पेशी वाढतात, त्यांच्या जनुकांत आणखी बारीक बदल होतात आणि जास्त घट्ट चिकटणाऱ्या पेशी मागे उरतात. मात्रा हळूहळू वाढवण्यानं घोडा वाचतो आणि या निवडीला वेळही मिळतो. तो सगळा वेगळा विषय आहे. त्यात मी आज शिरत नाही.

ही कात्रीच जन्मतः बिघडलेली असेल तर काय होतं, हे सांगून मी थांबणार आहे. त्यासाठीच मी हा विषय निवडला.

टी लसिका पेशींची ग्राहकंही याच रॅग प्रथिनांनी, याच पद्धतीनं जोडली जातात. रॅगच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर बाळात बी पेशीही तयार होत नाहीत आणि टी पेशीही नाहीत. आर्टेमिस बिघडलं तरी तेच, कारण आकडा उघडतच नाही. जन्मल्यावर बाळ धडधाकट दिसतं. आईची प्रतिपिंडं काही महिने त्याला सांभाळतात. मग न थांबणारा जुलाब, तोंडात बुरशी, न्यूमोनिया. उपचार झाले नाहीत तर ही मुलं बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत दगावतात. आजार दोन्ही पालकांकडून सदोष प्रत आली तरच होतो, त्यामुळे जवळच्या नात्यात लग्न झालेल्या घरांत त्याची शक्यता वाढते.

याचा एक प्रकार ओमेन यांच्या नावानं ओळखला जातो. त्यात कात्री पूर्ण निकामी नसते, किंचित चालते. मोजक्या चार-दोन टी पेशींचे जोड जमतात आणि त्याच पेशी बेसुमार वाढतात. बाळाची त्वचा लालभडक होते, ग्रंथी सुजतात. रक्ततपासणीत लसिका पेशींची संख्या मात्र पुरेशी, कधी जास्तही दिसते. संख्या आहे आणि वैविध्य नाही, म्हणजे संरक्षण नाही. वैविध्य हे पेशींच्या संख्येपेक्षा वेगळं आहे हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

मग ओळखायचं कसं? तुकडे जोडताना मधला डीएनए कापून टाकला जातो, असं मी म्हटलं. त्याची टोकं एकमेकांना जुळून एक छोटं कडं तयार होतं आणि ते पेशीत तसंच राहतं. पेशी दुभंगते तेव्हा गुणसूत्रांची नक्कल होते, या कड्याची होत नाही. त्यामुळे रक्तात अशी कडी किती आहेत ते मोजलं की नव्यानं जोड जमवलेल्या टी पेशी किती आहेत ते कळतं. ओमेनच्या बाळात पेशी पुष्कळ, कडी जवळजवळ नाहीत. नवजात बाळाच्या टाचेतून कागदावर टिपलेला रक्ताचा एक वाळलेला थेंब या तपासणीला पुरतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यानं २००८ मध्ये प्रत्येक बाळाची ही तपासणी सुरू केली आणि २०१८ अखेर ती तिथल्या सर्व राज्यांत पोचली. आजार लवकर कळला, पहिल्या साडेतीन महिन्यांत आणि जंतुसंसर्ग होण्याआधी अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं, तर बहुसंख्य मुलं वाचतात.

आपल्याकडे ही तपासणी सर्व नवजातांसाठी होत नाही. उलट आपल्या लसीकरणात बीसीजी जन्मतःच दिली जाते, आणि ती जिवंत जंतूंची लस आहे. सुदृढ बाळाला ती हितकारकच आहे. ती टाळावी असं मी मुळीच म्हणत नाही. पण ज्या बाळाकडे टी पेशीच नाहीत त्याच्या शरीरात ते लशीतले जंतू सर्वत्र पसरतात. काखेतली मोठी गाठ, टोचल्या जागी न भरणारी जखम, वाढणारं यकृत ही त्याची चिन्हं.

म्हणून इथे बसलेल्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि आशा कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. बाळंतपणाच्या खोलीत एक प्रश्न न चुकता विचारा : या घरात याआधी एखादं मूल पहिल्या दोन वर्षांत वारंवार जंतुसंसर्ग होऊन गेलं आहे का? उत्तर हो असेल तर बीसीजी लगेच देऊ नका, आधी बाळाचं रक्त तपासा. साध्या रक्ततपासणीतही लसिका पेशींची एकूण संख्या काढता येते. तान्ह्या बाळात ती दर मायक्रोलिटरला तीन हजारांच्या खाली असेल तर पुढची तपासणी तातडीनं हवी. ओमेनमध्ये ही संख्या फसवते, हेही लक्षात ठेवा, आणि लालभडक त्वचेचं आजारी बाळ केवळ आकडा बरा आहे म्हणून घरी पाठवू नका. लसिका पेशींचे प्रकार मोजण्याची आणि जनुकातला दोष शोधण्याची सोय परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत, एनआयआयएचमध्ये आहे. रत्नागिरीहून तिथे पोचायला रेल्वेनं एक रात्र लागते.